सरावाच्या खोलीतली भाषा

१९९१ सालच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मंचावर एक रॉक बँड वाजला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नसेल. ज्यांना आठवते त्यांनी तो विसरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला असावा. त्या बँडमध्ये मी बेस गिटार वाजवत होतो. आम्ही चौघे वडोद्यात इंजिनिअरिंग शिकत होतो. ड्रमवर एक गुजराती मित्र, लीड गिटारवर मल्याळी, गायक सिंधी आणि मी तुमच्यातलाच एक मराठी. आजीला सांगितले की मंडळात माझा बँड आहे, तर तिने विचारले, "लग्नातला?"

कार्यक्रम पंधरा मिनिटांचा होता. संपल्यावर कोणी वाईट बोलले नाही. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मात्र मला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, "अरे, तुला मराठी येतं, आम्हाला मराठी येतं. मग गाणं इंग्रजीत का?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर मला तेव्हा माहीत नव्हते. पुढे भारतातल्या जुन्या रॉक बँडांच्या ध्वनिमुद्रिका जमवण्याचा नाद लागला, तेव्हा ते हळूहळू सापडत गेले. या लेखात ते उत्तर देतो आहे. काका आज नाहीत, पण प्रश्न अजून तसाच आहे. यंदाही आपल्या मंडळातली दोन मुले गिटार वाजवतात आणि इंग्रजीत किंवा हिंदीत गातात.

सुरुवात करू या सिगारेटच्या एका जाहिरातीपासून. १९७० च्या आसपास इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' या सिगारेटच्या प्रचारासाठी 'सिमला बीट' नावाची अखिल भारतीय बँड स्पर्धा भरवली. गावोगावचे बँड त्यात उतरले आणि मुंबईला किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात येऊन वाजवू लागले. ज्या सभागृहात आपल्या पिढीने शास्त्रीय गायनाच्या मैफली ऐकल्या, तिथेच शिलाँगचा 'फेन्टोन्स', मुंबईचा 'वेल्व्हेट फॉग', 'डायनोसॉर्स', 'कन्फ्यूजन्स' असले नावांचे बँड वाजले. कंपनीने या बँडांच्या दोन एलपी काढल्या, १९७० ची आणि १९७१ ची. त्या काळात इतक्या वेगवेगळ्या शहरांतले हौशी बँड एकत्र ऐकायला मिळतात, ते मुख्यतः या दोन तबकड्यांवर. पुढे परदेशी संग्राहकांना त्या सापडल्या आणि त्या नव्याने छापल्या गेल्या. आज आपल्याला ते आवाज ऐकू येतात ते त्यामुळे.

या तबकड्या ऐकताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे ही मुले नुसती नक्कल करत नव्हती. काही गाणी परदेशी बँडांची आहेत, पण काही त्यांची स्वतःची आहेत, आणि ती वाईट नाहीत. दुसरी गोष्ट, गायलेला प्रत्येक शब्द इंग्रजी आहे. शिलाँग असो, मद्रास असो की मुंबई, भाषा एकच.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की ती कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, साहेबी वळणाची मुले होती आणि त्यांना मातृभाषेची लाज वाटत होती. मलाही बरीच वर्षे असेच वाटे. पण मग त्या काळातल्या मुंबईच्या सगळ्यांत गाजलेल्या बँडांपैकी एक, 'द सॅव्हेजेस', त्यातल्या मंडळींची नावे वाचली. बशीर शेख, प्रभाकर मुंडकूर, हेमंत राव, राल्फ पैस. पुढे जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला आलेला गोव्याचा रेमो फर्नांडिस हाही काही काळ या बँडमध्ये होता. ही नावे एका ओळीत वाचली आणि मला आमची वडोद्याची खोली आठवली. गुजराती, मल्याळी, सिंधी, मराठी. या खोलीत 'जरा हळू घे', 'इथे थांब', 'तुझा सूर उतरलाय' हे सगळे कोणत्या भाषेत बोलले जाणार?

बँडचे गाणे कसे तयार होते हे एकदा पाहिले की मुद्दा स्पष्ट होईल. भावगीतात आधी कविता असते, मग संगीतकार चाल लावतो, मग वादक येतात. बँडमध्ये बहुधा उलट होते. गिटारवाला एक तुकडा वाजवत बसतो, ड्रमवाला त्यात शिरतो, बेसवाला खालून आधार देतो, आणि गायक वर काहीतरी गुणगुणू लागतो. आधी नुसते निरर्थक आवाज असतात, मग त्यांचे शब्द होतात. ते शब्द चौघांसमोर, चौघांच्या संमतीने ठरतात. एखादी ओळ चांगली की भिकार हे चौघांनाही कळावे लागते. म्हणून गाण्याची भाषा ठरते ती सरावाच्या खोलीत. गायकाची मातृभाषा कोणती, याला तिथे एक चतुर्थांशच मत असते. मुंबई-बंगळूरसारख्या शहरात चार मुले चार घरांतून आली की मताधिक्य इंग्रजीचेच.

हे माझे नुसते अनुमान नाही, याला एक छान पुरावा आहे, आणि तो कोलकात्यात आहे. तिथले गौतम चट्टोपाध्याय सुरुवातीला 'द अर्ज' नावाच्या बँडमध्ये होते. पार्क स्ट्रीटच्या रेस्टॉरंटांत वाजवणारा बँड, सोबती अँग्लो-इंडियन, गाणी इंग्रजी. मग सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्यांनी दुसरा बँड काढला, 'मोहीनेर घोडागुलि'. नाव जीवनानंद दास यांच्या एका कवितेतून घेतलेले. यात त्यांचे सख्खे भाऊ होते, नात्यातले होते, मित्र होते, आणि सगळे बंगाली. माणूस तोच, गिटार तीच, फक्त खोली बदलली, आणि गाणी बंगालीत होऊ लागली. १९७७ साली त्यांची पहिली तबकडी आली. त्यात बाउल गाण्यांचा रंग आहे, जॅझ आहे, रॉक आहे आणि शहरातल्या माणसाचे एकटेपण आहे.

पण इथेच दुसरी अडचण दिसते. त्या तबकड्या तेव्हा फारशा कोणी ऐकल्या नाहीत. इंग्रजी रॉकच्या श्रोत्यांना हे बंगाली वाटले आणि बंगाली गाण्यांच्या श्रोत्यांना गोंगाट. १९८१ च्या सुमारास बँड मोडला. १९९५ साली गौतम चट्टोपाध्याय यांनी नव्या मुलांना घेऊन एक संकलन काढले, तेव्हा कुठे बंगालच्या नव्या पिढीने ही गाणी डोक्यावर घेतली. म्हणजे खोलीने भाषा दिली तरी ते ऐकून घेणारा मंचही लागतो. तो मिळायला तिथे जवळजवळ वीस वर्षे गेली.

मग मराठीत काय झाले? इथे मला नंदू भेंडे यांची गोष्ट सांगायची आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' किंवा 'झोपी गेलेला जागा झाला' ही नाटके आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात किती वेळा झाली असतील! बबन प्रभूंची लेखणी आणि आत्माराम भेंडे यांचे दिग्दर्शन, ही जोडी आपण घरच्यासारखी ओळखतो. तर या अस्सल मराठी रंगभूमीच्या घरातला मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईच्या 'वेल्व्हेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर' अशा बँडांतून इंग्रजी रॉक गात होता. १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाट्य केले, त्यात जुडासची भूमिका नंदू भेंडे यांची होती. भूमिका तशी अवघड. अभिनय करता करता वरच्या पट्टीत फाटेपर्यंत ताणलेला आवाज लावायचा आणि तरी शब्द समजले पाहिजेत.

घरात दिवसभर मराठी, तेही नाटकवाल्यांचे तयार मराठी, आणि बँडमध्ये गेल्यावर इंग्रजी. याला लाज म्हणता येईल का? मला तरी म्हणवत नाही. त्या खोलीत मराठी रॉक गाण्याचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता, कारण बाकीच्यांना तो कळला नसता.

चार वर्षांनी तो प्रश्न विचारला गेला, पण बँडच्या खोलीत नाही, नाटकाच्या तालमीत. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणले. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे पु. लं.नी केलेले हे मराठी रूप, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. 'घाशीराम कोतवाल' करणारीच ही मंडळी. संगीताच्या बाजूला भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक. मूळ नाटकात मॅकहीथ नावाचा एक रुबाबदार गुंड आहे. त्याचा पु. लं.नी अंकुश केला, आणि त्या भूमिकेत उभे राहिले नंदू भेंडे. तमाशाच्या बाजाची, नाट्यसंगीताच्या वळणाची गाणी ज्या नाटकात आहेत, त्याच नाटकात हा अंकुश पाश्चात्त्य ढंगाने मराठी गातो. प्रेक्षकांना ते खटकले नाही, कारण ते पात्रच तसे होते. शहरी, चलाख, जगाला फसवणारे. त्याचा आवाजही त्या जगाचा.

यातली गंमत नीट पाहायला हवी. जो गायक बँडमध्ये असताना मराठी गात नव्हता, तोच तालमीच्या खोलीत गेल्यावर मराठी गायला. कारण त्या खोलीत प्रत्येक जण मराठी होता, शब्द पु. लं.चे होते आणि समोर बसणारा प्रेक्षक मराठी नाटकाचे तिकीट काढून आलेला होता. खोलीही मिळाली आणि मंचही. मात्र ती खोली नाटकाची होती. नाटकाचे प्रयोग थांबले की ती बंद झाली. त्यातून मराठी रॉक बँडांची परंपरा उभी राहिली नाही. नंदू भेंडे यांचा आवाज पुढे हिंदीकडे गेला. १९८२ च्या 'डिस्को डान्सर' चित्रपटात कृष्णाला धरतीवर बोलावणारे गाणे आहे, ते त्यांचेच. २०१४ साली ते गेले. वृत्तपत्रांतून मृत्युलेख आले, त्यात मी सगळ्यांत आधी अंकुश शोधला.

आता महाविद्यालयांकडे वळू. सिमला बीटसारख्या स्पर्धा बंद पडल्या, हॉटेलांतले बँड कमी झाले, पण रॉक टिकला तो महाविद्यालयीन महोत्सवांवर. पवईच्या आयआयटीचा 'मूड इंडिगो' सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. पिलानी, कानपूर, मद्रास, दिल्ली, खरगपूर, सगळीकडे असे महोत्सव उभे राहिले. डिसेंबर ते मार्च हा हंगाम. बँडवाली मुले द्वितीय श्रेणीच्या डब्यात गिटारी मांडीवर घेऊन एका महोत्सवातून दुसऱ्याकडे जात. आम्हीही गेलो आहोत, एकदा तर परीक्षा बुडवून.

ही स्पर्धा कशी होत असे ते सांगतो, कारण भाषेचा निकाल तिथेही लागत होता. प्रत्येक बँडला ठरावीक वेळ, साधारण वीस मिनिटे, आणि मंचावर तारा जोडण्याचा वेळही त्यातच धरलेला. ड्रमचा संच सर्वांसाठी एकच, मंचावर आधीपासून मांडलेला. समोर दोन-तीन हजार मुले, बरीचशी परगावची. परीक्षक बाहेरून आलेले, बहुधा एखादा जुना वादक आणि एखादा ध्वनिमुद्रणातला माणूस. अशा ठिकाणी तुम्ही मराठी गाणे घेऊन गेलात तर परीक्षक शब्दांना गुण कसे देणार? आणि बंगाली, तमिळ, पंजाबी मुले त्यावर कशी उड्या मारणार? इंग्रजी कोणाच्याच घरची भाषा नव्हती, म्हणून तिथे ती सगळ्यांना सारखी परकी आणि सारखी सोयीची होती. त्यामुळे मुले सगळ्यांना माहीत असलेली परदेशी गाणी हुबेहूब वाजवत आणि बक्षिसे नेत. आम्हाला एकदा तिसरे मिळाले. गाणे अर्थात आमचे नव्हते.

पुढे बऱ्याच स्पर्धांनी निदान एक गाणे स्वतःचे असले पाहिजे असा नियम केला. १९९३ साली अलाहाबादहून अमित सैगल आणि शेना सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक सुरू केले, आणि कुठे कोणता बँड काय करतो आहे हे गावोगावच्या मुलांना पहिल्यांदा कळू लागले. हे मासिक मुंबई-दिल्लीतून नाही, अलाहाबादेतून निघाले, हे मला महत्त्वाचे वाटते. मुंबईत 'रॉक मशीन' या बँडने १९८८ मध्ये पूर्णपणे स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली होती, आणि १९९३ च्या सुमारास त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केले. नाव सिंधू नदीचे झाले, संगीतात तबला-बासरीचे रंगही आले. भाषा इंग्रजीच राहिली. त्यांच्यात महेश तिनईकर होते, उदय बेनेगल होते, मार्क सेल्विन होते, झुबिन बालापोरिया होते. पुन्हा तीच खोली.

मिश्र खोलीतून इंग्रजीखेरीज दुसरी वाट निघत नाही का? निघते. दिल्लीत १९९० साली सुरू झालेल्या 'इंडियन ओशन'ने ती काढली. त्यांनी शब्द स्वतः लिहिण्याऐवजी लोकांत आधीपासून असलेली गाणी घेतली. राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करून आलेले, त्यांनी तिकडचे नर्मदामाईचे गाणे आणले, 'मा रेवा'. २००० सालच्या त्यांच्या तबकडीचे नावच 'कंदिसा' आहे. ती केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी अरामी भाषेतली प्रार्थना. बँडमधल्या कोणाचीही ती मातृभाषा नव्हती. चौघांना समान भाषा नसली तर चौघांनाही परकी पण या मातीतली भाषा घ्यायची, असा हा तोडगा होता.

तिसरी वाट रेमो फर्नांडिस यांची. मुंबई सोडून ते गोव्यात शिवोलीला परतले आणि १९८४ साली 'गोअन क्रेझी' नावाची कॅसेट काढली. ती त्यांनी घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केली. या यंत्रात एकाच फितीवर चार वेगळ्या पट्ट्या असतात. पहिल्या पट्टीवर ताल वाजवून ठेवायचा, तो ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार. मग तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायचे, म्हणजे पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. असे प्रत्येक वेळी केले की फितीची खरखर थोडी वाढते, म्हणून किती वेळा करायचे हे आधीच ठरवावे लागते. जवळजवळ सगळी वाद्ये त्यांनी स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्वतःच दुकानोदुकानी नेऊन विकल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी गोव्याच्या जुन्या गाण्यांची कॅसेट काढली. त्यांच्या गाण्यांत इंग्रजी आहे, कोकणी आहे, पोर्तुगीजही आहे. खोलीत एकच माणूस होता, त्यामुळे मतदानाचा प्रश्न नव्हता. त्या माणसाच्या डोक्यात जेवढ्या भाषा, तेवढ्या गाण्यांत आल्या.

आता काकांच्या प्रश्नाचा उरलेला भाग. मराठी शब्द रॉकच्या तालात बसतच नाहीत, असे अनेक जण सांगतात. आम्ही त्या गणेशोत्सवानंतर इरेला पेटून एक मराठी गाणे करून पाहिले होते, म्हणून हे अनुभवाने सांगू शकतो. रॉकचा ताल चार ठोक्यांचा, आपल्या केरव्याशी जुळणारा. फरक वजनाचा आहे. आपल्या भजनात सम पहिल्या मात्रेवर, टाळी तिथे. रॉकमध्ये ड्रमचा कडक फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. ओळीतला जो शब्द त्या फटक्याखाली येतो तो ऐकणाऱ्याच्या कानावर आपटतो.

मी आधी ओळ लिहिली, 'रस्त्यावरती पाऊस पडतो'. मोजून पाहा. पहिल्या ठोक्यावर 'रस्-त्या', दुसऱ्यावर 'वर-ती', तिसऱ्यावर 'पा-ऊस', चौथ्यावर 'पड-तो'. म्हणजे ड्रमचा पहिला फटका नेमका 'वर'वर. बिचाऱ्या शब्दयोगी अव्ययाला एवढा मान, आणि पाऊस मात्र कोरडा! ऐकताना हसू येत होते. मग ओळ बदलली, 'पाऊस येतो, रस्ता भिजतो'. आता पहिल्या ठोक्यावर 'पा-ऊस', दुसऱ्यावर 'ये-तो', तिसऱ्यावर 'रस्-ता', चौथ्यावर 'भिज-तो'. दोन्ही फटके क्रियापदांवर आले आणि ओळ चालू लागली. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या शेपटाला लागतात, म्हणून लांब शब्द घेतले की फटका शेपटावर पडण्याचा धोका. छोटे शब्द, छोटी वाक्ये घेतली तर काही अडत नाही. अडचण कारागिरीची आहे, भाषेची नाही. पण हे मला एकट्याला कळत होते. माझ्या मित्रांना 'वर' आणि 'पाऊस' यातला फरक ऐकू येत नव्हता. गायकाला तर 'भिजतो'मधला 'ज' नीट उच्चारता येईना. ते गाणे आम्ही कुठे वाजवले नाही.

आणि मंडळातल्या त्या पंधरा मिनिटांचे काय झाले? दोष थोडा ध्वनिक्षेपकाचाही होता. मांडवात आपला नेहमीचा अहुजाचा अँप्लिफायर आणि बाहेर दोन कर्णे. कर्णा बनतो माणसाचे बोलणे दूर नेण्यासाठी. खालचे जाड स्वर त्यातून बाहेरच पडत नाहीत. त्यामुळे माझा बेस कोणाला ऐकूच आला नाही. गिटार आणि गायकाचा माइक एकाच अँप्लिफायरला जोडलेले, गिटारचा जोर झाला की आवाज फाटायचा. गिटारचे फाटणे आम्हाला हवेच होते, पण सोबत गाणाराही फाटत होता. कमी आवाजात मात्र कर्ण्यातून शब्द लख्ख ऐकू येत होते. म्हणजे जे श्रोत्यांना कळण्यासारखे होते, तो ताल, तो हरवला, आणि जे कळणार नव्हते ते इंग्रजी शब्द गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. त्यातही लोक सौजन्याने टाळ्या वाजवून साथ देत होते, पहिल्या ठोक्यावर, आरतीसारख्या. आमचा ड्रमवाला दुसऱ्यावर मारत होता. शेवटी तो थकून त्यांच्यात सामील झाला.

गेल्या पंचवीस वर्षांत चित्र बदलले आहे. केरळचा 'अवियल' मल्याळमध्ये रॉक गातो, रघू दीक्षित कन्नडमध्ये, मुंबईचा 'अभंग रीपोस्ट' आपल्या संतांचे अभंग रॉकच्या साथीने गातो. इंग्रजीत गाणारे बँडही आहेतच, आणि हे सगळे एकमेकांच्या कार्यक्रमांना जातात. कोणी कोणाची जागा घेतलेली नाही. एकाच शहरात, कधी एकाच वादकाच्या हातून, दोन्ही चालते. जिथे सरावाच्या खोलीत एका भाषेची माणसे जमली तिथे ती भाषा आली, जिथे मिश्र माणसे जमली तिथे इंग्रजी, हिंदी किंवा एखादी जुनी प्रार्थना. मला यात कमी-जास्त काही दिसत नाही.

पण आपल्यासारख्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पुण्यात चार मराठी वादक एका खोलीत जमणे हा योगायोग नसतो. वडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत तो असतो. आपल्या मुलांच्या वर्गात, वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी चार वादक जमतील, पण चारही मराठी असणे अवघड. ती आपोआप इंग्रजीत किंवा हिंदीत गातील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आमचीही नव्हती. या शहरात चार मराठी वादक एका छताखाली येऊ शकतात अशी मला तरी एकच जागा माहीत आहे, आणि ती म्हणजे मंडळाचा मागचा हॉल. तिथे वर्षातले अकरा महिने खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात.

गेल्या महिन्यात मी कार्यकारिणीला विनंती केली की रविवारी दुपारी तो हॉल त्या दोन मुलांना द्यावा, आणि आणखी दोघे मराठी मिळतात का ते मी बघतो. परवानगी मिळाली आहे. ड्रमवाला सापडला, चौघांत बेसवाला अजून नाही. माझी जुनी गिटार मी तारा बदलून ठेवली आहे. त्यांनी काय गायचे ते मी सांगणार नाही. खुर्च्या मात्र भिंतीला सरकवून ठेवल्या आहेत.